हेतूचा रकाना

नास, काउंटी किल्डेअर
८ नोव्हेंबर २०२०

श्री. हेमचंद्रराव यांस,
वासंतीचा सप्रेम नमस्कार. शोभनाताईंनाही सांगावा.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो शुभदाकरवी पाठवते आहे. फोनवर बोललं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हं" म्हणते. विहिणीला चार वाक्यं सलग बोलायची तर पत्रच बरं.

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले, ती विमानं बंद झाल्याने इथेच रुतले. ज्ञानेश इस्पितळात आणि शुभदा वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, त्यामुळे स्वानंदीचा अभ्यास माझ्या वाट्याला आलाय. तुमची नात यंदा माध्यमिक शाळेत गेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत. मी विचारते "जेवलीस का?" ती म्हणते "आयम ग्रँड." इथे पोट भरलं तरी ग्रँड, ताप उतरला तरी ग्रँड.

आता मुद्दा. धर्माच्या तासाला त्यांच्या मिस ब्रेनन यांनी प्रकल्प दिलाय. एक तक्ता: डावीकडे पाच धर्म, वर तीन रकाने. प्रार्थनेची शारीरिक स्थिती, हेतू आणि वेळ. खाली आपण तयार केलेले प्रश्न, जे वर्गातल्या मुलांना विचारायचे. तीन डिसेंबरला प्रत्येकाने उभं राहून आपला तक्ता समजावायचा.

चार रांगा पोरीने सुरेख भरल्या. मुसलमानांची रांग तिच्या मैत्रिणीने, मरियमने, तपासून दिली. उभं राहणं, कमरेत वाकणं, कपाळ जमिनीला टेकणं, बसणं, आणि तोंड मक्केकडे, म्हणजे इथून आग्नेयेला. दिवसातून पाच वेळा, पण वेळा सूर्यावर. जूनमध्ये इथे शेवटची नमाज मध्यरात्रीकडे जाते आणि डिसेंबरात दुपार संपेस्तोवर सूर्यास्ताची येते. ज्यू लोक दिवसातून तीनदा, मुख्य प्रार्थना पाय जुळवून उभ्याने, जेरुसलेमकडे तोंड करून. बौद्धांची मांडी, शांत श्वास, आणि कोणाकडे काही मागण्यापेक्षा आपलंच मन निवळावं हा हेतू. कॅथलिकांचं उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं, आणि दुपारी बाराला व संध्याकाळी सहाला टीव्हीवर प्रार्थनेची घंटा. ती घंटा मी इतके महिने बातम्यांची समजत होते!

आणि पाचवी रांग, हिंदू. तिथे तिने पेन्सिलीने लिहिलंय: "लागू नाही."

मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "वी डोन्ट रिअली डू इट, आजी." मग हळूच कळलं. मागल्या वर्षी किलियन नावाच्या मुलाने विचारलं होतं, हत्तीशी बोलताना तुम्ही सोंडेत बोलता की कानात? वर्ग हसला. वर्गात ती एकटीच हिंदू. आता उभं राहून पुन्हा हसू करून घ्यायची तिची तयारी नाही.

हेमचंद्रराव, मार्क गेले खड्ड्यात. पण पोरीने आपल्या हाताने आपल्याच रांगेत "लागू नाही" लिहावं, हे मला घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचतंय. मी मॅट्रिकपर्यंतची, पुढचं सगळं वाचनालयात. तुम्ही शिकलेले. रांग कशी भरायची ते सांगा.

आपली,
वासंती

*

पुणे
१० नोव्हेंबर २०२०

श्रीमती वासंतीताई यांस, सादर नमस्कार.

आपण योग्य माणसाला विचारलंत. पाटबंधारे खात्यात हयात गेली. तक्ता कसा भरावा हे मला कुणी शिकवायला नको. पुढील मजकूर जसाच्या तसा उतरवावा.

स्थिती: संध्येला शुचिर्भूत होऊन आसनावर ताठ बसणे. आचमन, प्राणायाम. अर्घ्य उभ्याने. जप सकाळी उभ्याने आणि संध्याकाळी बसून, असा शास्त्रसंकेत आहे. सकाळी पूर्वेकडे तोंड, संध्याकाळी पश्चिमेकडे.

वेळ: त्रिकाल. सकाळची चांदण्या दिसत असताना उत्तम, संध्याकाळची सूर्य दिसत असताना उत्तम. घड्याळाचा संबंध नाही, हे मरियमच्या रांगेसारखंच आहे हे स्वानंदीच्या लक्षात आणून द्यावे.

हेतू: सूर्यदेवतेने आमच्या बुद्धीला चालना द्यावी. "आमच्या" हे अधोरेखित करावे. "माझ्या" नव्हे. पैसा नाही, बढती नाही, बुद्धी. वर्गात कोण हसतो ते मी बघतो.

हे मी स्वतः आयुष्यभर करत आलो आहे, त्यामुळे माहिती प्रत्यक्ष पुराव्यानिशी आहे असे तळटीपेत लिहावे.

हत्तीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

आपला,
हेमचंद्र

*

नास
१६ नोव्हेंबर २०२०

श्री. हेमचंद्रराव यांस, नमस्कार.

दिवाळी झाली. चकल्या जरा हसल्या, पण खाल्ल्या गेल्या.

तुमची रांग स्वानंदीला वाचून दाखवली. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "आजी, डू यू डू धिस?" मी म्हटलं, नाही गं, बायकांना कुणी शिकवलंच नाही. "डज बाबा?" मुंजीनंतर महिनाभर केली असेल. "देन हू डज?" म्हटलं, तुझे आजोबा. तर म्हणाली, "सो दॅट्स वन पर्सन."

मग मला विचारलं, तू काय करतेस? आता मी काय करते? आपले देव इथे स्वयंपाकघरातल्या कपाटात आहेत, चहाच्या डब्याशेजारी. दिवा लावते, हात जोडते, उभ्यानेच. दिव्याचा श्लोक म्हणते आणि मग नावं घेते: ज्ञानेश, शुभदा, स्वानंदी, कऱ्हाडची शेजारीण, तुम्ही दोघं सुद्धा. वेळ दिवेलागणीची. पण इथे दिवेलागण हल्ली सव्वाचारला होते! परवा घंटी वाजवली, तर वर शुभदाची मीटिंग चालू. तिच्या डब्लिनच्या साहेबाने विचारलं, "इतक्यात सहा वाजले?" त्याला वाटलं टीव्हीवरची घंटा.

स्वानंदीने हे सगळं टिपून घेतलं आणि मान हलवली. "आजोबांचं वेगळं, तुझं वेगळं. सो व्हिच वन इज हिंदू?" "लागू नाही" अजून तिथेच आहे.

आणि काल एक फजिती झाली, ती ऐका. आमच्या शेजारी नूला नावाच्या बाई राहतात, माझ्याच वयाच्या, एकट्या. काल रविवारी मी भांडी विसळताना खिडकीतून पाहिलं, तर बाई दिवाणखान्यात आधी उभ्या होत्या, मग बसल्या, मग एकदम गुडघ्यावर आल्या आणि मान खाली गेली. उठेचनात. माझ्या हातातली कढई गळाली. "ज्ञानेश, नूला पडल्या रे!" लेक आंघोळ करून नुकताच बाहेर आलेला, ओल्या केसांनी, पायात मोजे, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन धावला. दार उघडंच असतं. आत जाऊन बघतो तर काय, बाई उशीवर गुडघे टेकून बसलेल्या आणि समोर खुर्चीवर टॅबलेट. त्यात चर्चमधला रविवारचा मास, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चाललेली! चर्च बंद आहेत ना, म्हणून घरबसल्या. पण पाद्री म्हणतील तिथे उभं राहायचं, वाचन चालू असताना बसायचं आणि प्रसादाच्या प्रार्थनेला गुडघे टेकायचे, हे त्या घरीही चुकवत नाहीत.

ज्ञानेश ओशाळून दारात उभा. नूला त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बाळा, मी आत्ता डॉक्टरांसाठीच प्रार्थना करत होते. ती इतक्या लवकर पोचते हे माहीत नव्हतं."

स्वानंदी इतकी हसली की पोट धरून जमिनीवर बसली. पण मग उठली आणि तक्त्याखाली पहिला प्रश्न लिहिला: "खिडकीतून फक्त स्थिती दिसली, तर हेतू सांगता येतो का?"

पोरगी तुमच्यावर गेलीय की माझ्यावर, ते नंतर ठरवू. पण आपली रांग कुणाची, ते आधी ठरवा.

वासंती

*

पुणे
१९ नोव्हेंबर २०२०

श्रीमती वासंतीताई यांस,

पत्र पावले. आपल्या भावनांचा आदर आहे. तथापि कपाटाच्या दारात उभं राहून आप्तांची हजेरी घेणे ही प्रार्थना झाली, तर वाण्याची यादीसुद्धा प्रार्थना होईल. शाळेच्या तक्त्यात शास्त्र हवे. मिस ब्रेनन यांना काय वाटेल, की पंचवीस वर्षं विहीण म्हणून मी ज्यांना मान दिला त्यांच्या घरी नेमकी पद्धतच नाही?

ताठ आसन, त्रिकाल, बुद्धी. एवढे तीन शब्द. रकाने तीनच आहेत. अगदी नेमके बसतात.

तुमच्या शेजारीणबाईंचे कौतुक वाटले. पडद्यासमोर सुद्धा शिस्त!

हेमचंद्र

ता. क. वासंतीताई, मी शोभना. फोटो काढायला यांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून हे खाली माझ्या अक्षरात. मार्चपासून यांचे दोन्ही गुडघे गेलेत. जमिनीवर बसले तर उठवायला मी आणि खालच्या मजल्यावरचा शिरीष लागतो, आणि शिरीष टाळेबंदीत यायचा बंद झाला. तेव्हापासून संध्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर होते, पहिला चहा झाल्यावर, उन्हं वर आल्यावर. चांदण्या यांनी गेल्या आठ महिन्यांत पाहिलेल्या नाहीत. आणि आपल्या नावांच्या हजेरीला वाण्याची यादी म्हणणारा हा माणूस जप झाल्यावर हळूच "स्वानंदी, शुभदा, ज्ञानेशराव" असं पुटपुटतो. मी भाजी चिरत समोरच असते. मला बहिरी समजतात.

*

नास
२४ नोव्हेंबर २०२०

श्री. हेमचंद्रराव यांस, नमस्कार.

शोभनाताईंच्या अक्षराचं मला फार कौतुक वाटतं. ठसठशीत आहे.

रागावू नका. खुर्चीवर बसलात म्हणून सूर्य काही तुमच्याकडे पाठ फिरवत नाही. माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांची पूजा मनातल्या मनात चालायची. मध्येच कुणी बोललं तर खेकसायच्या, "थांब, आत्ता गंध लावतेय!" हात पांघरुणाखाली.

हे स्वानंदीला सांगितलं. तुमचंही सांगितलं. शोभनाताईंना बोल लावू नका, माझ्या तोंडातून निसटलं. पोरगी हसेल असं वाटलं होतं. ती ताडकन उठली आणि मरियमला फोन लावला. मरियम म्हणाली, तिचे आजोबाही खुर्चीवर बसूनच नमाज पढतात. ज्याला उभं राहता येत नाही त्याने बसून, ज्याला बसता येत नाही त्याने पडून, नुसत्या मानेच्या खुणेने. ही काही पळवाट नाही, तसा नियमच आहे. मग पोरीने कुंपणापाशी जाऊन नूलाला हाक मारली. नूला म्हणाल्या, म्हाताऱ्यांनी मासला बसून राहिलं तरी चालतं, मीच हट्टी आहे, माझी उशी बघितलीस ना? ज्यू लोकांचं तिने पुस्तकात शोधलं. उभ्याने म्हणायची प्रार्थना, पण उभं राहवत नसेल तर बसून. बौद्धांमध्ये ध्यानाला खुर्ची घेतलेली सर्रास चालते.

म्हणजे बघा हेमचंद्रराव, पाचही रांगांना गुडघे आहेत आणि ते सगळीकडे दुखतात!

तिने दुसरा प्रश्न लिहिला: "शरीराने साथ दिली नाही, तर कोणत्या धर्मात काय करायला सांगितलंय? मग स्थितीचा रकाना किती महत्त्वाचा?" आणि तिसरा: "कुणाची वेळ सूर्य ठरवतो आणि कुणाची घड्याळ? उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये राहायला आले तर कुणाला जागरण होईल?" हा तिसरा तिला फार आवडलाय. तिने "मरियम आणि माझे आजोबा" असं कंसात लिहून ठेवलंय.

पण आपली रांग? पेन्सिलीतलं "लागू नाही" खोडलंय, एवढं मी पाहिलं. त्या जागी काय लिहिलं ते दाखवत नाही. कागदावर हात ठेवते. म्हणते, "आजी, इट हॅज टू बी माइन."

मला धास्ती वाटते. किलियन त्याच वर्गात आहे.

वासंती

*

पुणे
२ डिसेंबर २०२०

वासंतीताई,

उद्या तीन तारीख. आठवडाभर आपलं पत्र नाही. शुभदा फोनवर "ग्रँड आहे बाबा" एवढंच सांगते. हा ग्रँड मला आता सहन होत नाही.

मी काही बोललो नव्हतो, पण बोलतो. तक्त्यात माझं नाव घातलं असेल तर "ताठ आसन" खोडायला सांगा. "खुर्ची" लिहा. खरं ते लिहावं. आणि वेळेत "चहानंतर".

आमच्या सोसायटीत बाळासाहेब नावाचे गृहस्थ आहेत, खालच्या बाकावर भेटतात, मास्क नाकाखाली. त्यांना मी अभिमानाने सांगितलं, नात परदेशात आपली पद्धत मांडणार आहे. ते म्हणाले, "पण ती पोर तिथे एकटी उभी राहणार, तुम्ही कुठे असणार?" तेव्हापासून काही सुचत नाही.

हसले तर नाहीत ना तिला? झाल्या झाल्या कळवा.

हेमचंद्र

*

नास
४ डिसेंबर २०२०

श्री. हेमचंद्रराव यांस, नमस्कार.

नाही हसले. आधी हे वाचा, मग पाणी प्या, मग पुढे वाचा.

स्वानंदी शाळेतून आली, दप्तर टाकलं, चकलीचा डबा उघडला आणि तोंड भरून सगळं सांगितलं. मी मराठीत उतरवते.

मास्क लावून सगळी मुलं लांब लांब बसलेली, खिडक्या सताड उघड्या, कोट घालून वर्ग. हिचा तिसरा नंबर. चार रांगा सांगितल्या. मरियमने मान डोलावली. मग पाचवी आली. तिथे एकच ओळ नव्हती, तीन होत्या. तिने मॅडमना सांगितलं, मला एका ओळीत बसवता येईना, म्हणून घरातली माणसं लिहिली आहेत.

पहिली ओळ आजोबा. स्थिती: पूर्वी आसनावर, आता खुर्चीवर. वेळ: चहानंतर. हेतू: "आमची" बुद्धी चांगली राहावी, आणि नावं. (तुम्ही सांगायच्या आधीच तिने हे लिहिलं होतं, बरं का!)

दुसरी ओळ आजी. उभी, कपाटासमोर. वेळ: अंधार पडला की, मग तो चारला पडो. हेतू: सगळे घरी यावेत.

आणि तिसरी ओळ, जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. बाबा. स्थिती: गाडीत बसून, पट्टा लावलेला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. वेळ: इस्पितळात पाळीला निघायच्या आधी, दारातच, गाडी सुरू करण्यापूर्वी. हेतू: "माहीत नाही. मी विचारलं नाही."

मार्चपासून ती आपल्या खोलीच्या खिडकीतून बघत होती म्हणे. रोज. बाप निघाल्याशिवाय पडदा सोडत नव्हती. आम्हाला वाटायचं, पोरगी फोनवर असते.

किलियनने हात वर केला. मिस ब्रेननसुद्धा जरा सावरून बसल्या म्हणे. त्याने विचारलं, "ते प्रार्थनाच करतात हे तुला कसं माहीत?"

स्वानंदी म्हणाली, "नाही माहीत. स्थिती आणि वेळ खिडकीतून दिसते. हेतूचा रकाना दिसत नाही. म्हणून तर पहिला प्रश्न तोच आहे."

किलियन म्हणाला, "माझी आई नर्सिंग होममध्ये काम करते. ती परत आली की तशीच गाडीत बसते. मला वाटायचं, ती रेडिओ ऐकते." आणि मग म्हणाला, "मलाही खिडकीतूनच दिसतं."

मिस ब्रेनननी त्या रांगेखाली लिहिलंय, या तक्त्यातली सर्वात चांगली रांग. स्वानंदीने तो कागद देवांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. किलियनने सुटीत तिला चिप्सचं पाकीट पुढे केलं आणि हत्तीबद्दल सॉरी म्हणाला. ती म्हणाली, कानात बोलतात, सोंडेत नाही, वेडा आहेस का.

आता हेमचंद्रराव, माझी अडचण ऐका.

मला राहवलं नाही. आज संध्याकाळी ज्ञानेश जेवायला बसला तेव्हा मी सहज विचारलं, "काय रे, निघताना गाडीत डोळे मिटून काय करतोस?" तो भात कालवता कालवता म्हणाला, "काही नाही गं आई. ब्लूटूथ जोडला जायची वाट बघतो. जुनी गाडी आहे, वेळ लागतो." आणि वरणाची वाटी पुढे केली.

मी आपली वरण वाढत राहिले. आता सांगा, हे पोरीला सांगू की नको? तिने अख्ख्या वर्गासमोर बापाची ओळ वाचून दाखवली. खोटं लिहिलं नाही तिने, "माहीत नाही" असंच लिहिलं. पण तिच्या मनात हेतू ठरलेला आहे, हे मला दिसतं. आणि त्या किलियनच्याही.

तुम्ही हिशेबी माणूस. सल्ला द्या.

वासंती

*

पुणे
५ डिसेंबर २०२०

वासंतीताई,

पत्र शोभनाला मोठ्याने वाचून दाखवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग तिने मला वाचून दाखवलं. तिलाही जमलं नाही.

सल्ला विचारलात. शुभदाने मागच्या वर्षी इथे गाडी घेऊन दिली, तिच्यात तेच यंत्र आहे. म्हणून सकाळी चहा झाल्यावर, खुर्चीवरून उठून, काठी घेऊन खाली गेलो. गाडीत बसलो. पट्टा लावला. जोडायला वेळ लागतो, ज्ञानेशराव म्हणाले ते बरोबर आहे. मी नीट बघत राहिलो. पडद्यावर एक चक्र फिरत राहतं, ते थांबलं की झालं. ते चक्र बघावं लागतं, नाहीतर कळतच नाही.

पोरीला काहीही सांगू नका. ब्लूटूथ जोडायला डोळे मिटावे लागत नाहीत.

हेमचंद्र